रे वाढवून लाल झाक परत येत नाही

“स्क्रीन-स्पेस जीआय वापरतोय. कॅमेरा वळवला की लाल भिंतीची फरशीवरची झाक गायब होते. रे वाढवले की थांबेल ना?”

नाही. रे कमी असले की फरशीवर दाणे दिसतात, झाक गायब होत नाही. स्क्रीन-स्पेस जीआय भिंतीवरून उसळून फरशीवर येणारा उजेड काढतो, पण त्यासाठी फक्त त्या फ्रेममध्ये रंगलेले पिक्सेल वाचतो. लाल भिंत चौकटीबाहेर गेली, की तिचा रंग बफरमध्ये उरतच नाही. मग रे 8 टाका नाहीतर 64.

खरा प्रश्न चुकलेल्या रेचं काय करायचं हा. समजा पांढऱ्या फरशीच्या एका पिक्सेलमधून 8 रे सुटले आणि 3 डावीकडून बाहेर गेले. त्यांना शून्य धरलं तर फरशी काळवंडते. नुसतं 5 ने भागलं तर उजेड टिकतो, पण लाल जातो. म्हणून त्या 3 रेंसाठी त्याच दिशेचा उजेड आधी साठवलेल्या लाइट प्रोबमधून घ्यायचा:

```
L = mix(probe(dir), hitColor, conf);
```

`conf` म्हणजे रेला सापडलेल्या रंगावरचा भरवसा. तो चौकटीच्या कडेकडे हळूहळू 0 वर आणा, नाहीतर कॅमेरा फिरताना उजेड झटका मारतो. प्रोबचा उजेड वर पुन्हा अॅम्बियंट म्हणून मिळवू नका. दुप्पट मोजला जातो. ही चूक फार दिसते.

चौकट प्रत्येक बाजूला 10% वाढवून रेंडर करता येते, पण 1920×1080 चे 2304×1296 होतात, म्हणजे पिक्सेल 1.44 पट. तरी कॅमेऱ्यामागची भिंत सापडत नाहीच.