आउटपेंटिंग (कापलेला फोटो कडेबाहेर वाढवणं)

आउटपेंटिंग म्हणजे जवळून कापलेल्या फोटोच्या कडेबाहेर नवा भाग तयार करून तो फोटो वेगळ्या आकाराच्या चौकटीत बसवणं. चौकोनी फोटो उभ्या स्टोरीत टाकायचा असतो किंवा उभा फोटो टीव्हीच्या 16:9 पडद्यावर दाखवायचा असतो, ताणला तर माणूस लांबट किंवा रुंद दिसतो, कापला तर कपाळ जातं, मग रिकामी जागा सॉफ्टवेअरकडून भरून घेतात. भिंत, आकाश, गवत भरायचं असेल तर फारसं कुणाचं काही बिघडत नाही. पण कापलेल्या कडेवर माणसाचं अंग असेल तर खांदे, हात, कपडे सगळं अंदाजानेच बनतं, आणि भानगडी तिथेच होतात, म्हणून या नोंदीत भर त्यावरच आहे.

उगम

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. बरेच जण 2000 सालच्या बर्ताल्मियो, सापिरो वगैरेंच्या इनपेंटिंगच्या पेपरपासून धरतात, पण तो मुळात ओरखडे आणि छोटी भोकं बुजवण्यासाठी होता आणि त्यात भोकाच्या चारी बाजूंना खरा फोटो असतो. कडेबाहेर वाढवताना खरा फोटो एकाच बाजूला असतो, समोरून आधार काहीच नाही. त्यामुळे 1999 मधलं एफ्रॉस आणि लिउंग यांचं टेक्स्चर सिंथेसिसचं काम जास्त जवळचं पूर्वज वाटतं, त्यात कडेपासून बाहेर एकेक पिक्सेल वाढवत नेला जायचा. अर्थात त्याने विटा आणि खडी वाढायची, कोपर नाही.

मधल्या काळात याच प्रश्नाला दुसरंही उत्तर होतं. 2007 मध्ये अविदान आणि शमीर यांनी सीम कार्व्हिंग आणलं, म्हणजे फोटोतल्या कमी महत्त्वाच्या पिक्सेलच्या वेड्यावाकड्या ओळी काढून किंवा वाढवून आकार बदलायचा. मग फोटोशॉपमध्ये 2010 ला कंटेंट अवेअर फिल आलं, 2016 ला क्रॉप करतानाच कडा भरायची सोय आली, पण हे दोन्ही त्याच फोटोतले तुकडे उचलून चिकटवायचे. फोटोत हातच नसेल तर हात आणणार कुठून, त्यामुळे माणसाच्या बाबतीत दोन्ही लंगडे पडायचे. 2018-19 च्या सुमारास गॅन नावाची, शिकून नवी चित्रं बनवणारी न्यूरल नेटवर्क वापरून कडेबाहेरचा भाग नव्याने बनवायचे प्रयोग झाले, आणि सामान्य लोकांच्या हातात हे आलं ते 2022 च्या ऑगस्टअखेर ओपनएआयच्या डॅल-ई 2 या चित्र बनवणाऱ्या एआयमध्ये आउटपेंटिंग आल्यावर. फोटोशॉपमध्ये हेच करणारं जनरेटिव्ह एक्स्पांड 2023 च्या जुलैत बीटामध्ये आलं.

आपल्याकडच्या फोटो स्टुडिओत पासपोर्टच्या चेहऱ्याखाली तयार कोट-टाय जोडायची पद्धत याच्या आधीपासून आहे, फ्लेक्सवाले पण हेच करतात, पण तिथे अंग कुठलं जोडलं ते जोडणाऱ्याला माहीत असतं.

कसं चालतं

समजा 1080×1080 चा फोटो आहे, एक बाई, कडा छातीच्या वरच कापलेली, आणि तो 1080×1920 करायचाय. म्हणजे उंचीत 840 पिक्सेल नवे लागणार, तयार फोटोचा जवळपास 44 टक्के भाग बनावट. क्रॉप टूलने चौकट वाढवायची, प्रॉम्प्ट रिकामा ठेवायचा, जनरेट दाबायचं, की फोटोशॉप तीन पर्याय देतं आणि ते वेगळ्या लेयरवर येतात. मॉडेलला कडेजवळचा खरा भाग, कुठली जागा भरायची ते सांगणारा मास्क आणि प्रॉम्प्ट एवढंच मिळतं. कडेवर उघडा खांदा आणि कपड्याची पातळ पट्टी दिसत असेल तर खाली साडी आहे, ड्रेस आहे की टॉप आहे हे त्याला कळायचा मार्ग नाही, शिकताना पाहिलेल्या फोटोंमध्ये अशा खांद्याखाली बहुतेक वेळा जे होतं ते येतं. शिकण्याच्या फोटोंमध्ये बायकांचे तोकड्या कपड्यातले फोटो जास्त असतील तर कल तिकडेच जातो.

यात जागा कुठे वाढवायची हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच बहुतेक जण विचार न करता घेतात. सगळे 840 पिक्सेल खाली टाकले तर अख्खं धड बनवावं लागतं. फोटो चौकटीच्या तळाशी टेकवून सगळी जागा वर दिली तर फक्त भिंत बनते आणि अंगाला हात लागत नाही, डोक्यावर जागा जास्त दिसते पण तिथे मजकूर टाकता येतो. शक्य असेल तर मूळ न कापलेला फोटो मागवणं हे यापेक्षाही बरं, बऱ्याचदा तो असतोच.

अजून एक तांत्रिक गोष्ट. स्टेबल डिफ्युजनसारख्या चित्र बनवणाऱ्या मॉडेलमध्ये फोटो आधी लांबी-रुंदीत आठपट लहान अशा सांकेतिक रूपात जातो आणि परत उलगडतो, त्या फेऱ्यात न वाढवलेला खरा भागही किंचित बदलतो, डोळे आणि दात यांवर लगेच कळतं. म्हणून शेवटी मूळ फोटो वरून पुन्हा चिकटवायचा असतो, हे न करणारे खूप आहेत.

जॉर्जी परसेल प्रकरण

जानेवारी 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या नाइन न्यूजने व्हिक्टोरिया राज्याच्या आमदार जॉर्जी परसेल यांचा फोटो बदकांच्या शिकारीवरच्या बातमीत दाखवला. मूळ फोटोत त्यांनी अखंड पांढरा ड्रेस घातलेला, दाखवलेल्या फोटोत पोट उघडं, कपड्याचे दोन भाग झालेले आणि छाती मोठी केलेली. परसेल यांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून जाहीर केले आणि पुरुष आमदाराच्या बाबतीत असं झालं असतं असं वाटत नाही म्हणाल्या. चॅनेलने माफी मागितली, पण खुलासा असा की आकार बदलताना फोटोशॉपच्या ऑटोमेशनने हे केलं. फोटोशॉप बनवणाऱ्या अॅडोबीचं म्हणणं, असा बदल माणसाच्या हस्तक्षेपाशिवाय आणि मंजुरीशिवाय होत नाही.

दोघांची विधानं वाटतात तितकी एकमेकांविरुद्ध नाहीत. पोट उघडं करा असं कुणी टाइप केलं असेलच असं नाही, रिकाम्या प्रॉम्प्टनेही ते येऊ शकतं. पण पर्यायांतला एक माणसाने निवडला आणि प्रसारणाला पाठवला, तिथे अॅडोबीचं बरोबर वाटतं. वाद खरा अडतो तो छातीवर. एक्स्पांड हे कडेबाहेरच बनवतं, आतले पिक्सेल जोडाच्या अरुंद पट्टीपलीकडे बदलत नाही. म्हणजे एकतर वापरलेला फोटो छातीच्या वरच कापलेला होता, आणि मग खालचं सगळंच बनवलेलं, किंवा कुणीतरी अंगावर सिलेक्शन करून तेवढाच भाग नव्याने बनवणारं जनरेटिव्ह फिल वापरलं. पहिली शक्यता जास्त पटते, कारण सिलेक्शन करणं हे मुद्दाम केलेलं काम झालं, पण कामाची फाइल आणि तिचे लेयर पाहिल्याशिवाय नक्की म्हणता येत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एका परिषदेच्या वक्त्या बाईंच्या फोटोचंही असंच झालं, चौकोनी फोटो उभा करताना शर्टची बटणं उघडी आणि आतला कपडा दिसेल असं काही बनलं, आणि आयोजकांच्या लक्षातही आलं नाही.

ओळखणं

आधी मूळ फोटो रिव्हर्स सर्चने शोधावा, बाकी सगळं त्यानंतर. तो नसेल तर मोठा करून आडवी किंवा उभी सरळ रेघ शोधायची जिच्या एका बाजूला कॅमेऱ्याचे दाणे आहेत आणि दुसरीकडे एकदम गुळगुळीत. फोटोशॉपमध्ये सुरुवातीला नवा भाग जास्तीत जास्त 1024 पिक्सेलचाच बनायचा आणि मग ताणला जायचा, त्यामुळे मोठ्या फोटोत वाढवलेला भाग मऊ दिसतो. कापडाची वीण जोडापाशी दिशा बदलते, गळ्यातली चेन किंवा ओळखपत्राची दोरी खाली जाऊन कशालाच लागत नाही. बोटांवर फार विसंबू नये, ती आता बऱ्यापैकी बरोबर येतात. फाइलला कंटेंट क्रेडेन्शियल्स, म्हणजे ती कशी बनली याची सोबतची नोंद, जोडलेले असतील तर एआय वापरल्याची नोंद तिथे सापडते, पण स्क्रीनशॉट घेतला की ती जाते.

वृत्तसंस्थांचे नियम

बातमीच्या फोटोत भर घालायला मोठ्या वृत्तसंस्था परवानगी देत नाहीत, वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेतही जनरेटिव्ह फिल चालत नाही. जाहिरात आणि सोशल मीडियाच्या पोस्टना असे नियम सहसा लागत नाहीत, तिथे ज्या-त्या कंपनीचं धोरण.