लग्न झाल्यावर एचपीव्हीची लस: "आता काय उपयोग" हे आलं कुठून

"लग्नाच्या आधीच घ्या लागते म्हणे, आता तं माह्यं पोरगं दीड वर्षाचं झालं, आता घेऊन काय करू?" हे यवतमाळ जिल्ह्यातली एक 25 वर्षांची ताई गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर टाळणाऱ्या एचपीव्हीच्या लसीबद्दल विचारत होती. तालुक्याला एका दवाखान्यात तिला सरळ सांगितलं होतं की लग्न झालं ना, मग आता काय उपयोग, पैसे वाया जातील. हे उत्तर अगदीच हवेतलं नाही, त्यामागे एक खरी गोष्ट आहे, पण ती अर्धीच सांगितली जाते. ती नेमकी कुठून आली ते बघायचं तर थोडं मागं जावं लागतं.

पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही नावाचा, संबंधातून पसरणारा व्हायरस असतो हे जर्मनीतल्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवलं. 1983 मध्ये त्यांच्या टीमला कॅन्सरच्या गाठीत या व्हायरसचा 16 नंबरचा प्रकार सापडला, पुढच्या वर्षी 18 नंबरचा, आणि या कामाला 2008 मध्ये नोबेल मिळालं. या व्हायरसचे प्रकार शंभराच्या वर आहेत, पण आपल्या देशात या कॅन्सरच्या दर पाचातल्या चार केसमागे साधारण हे दोनच असतात.

लस बनवायला मात्र अडचण होती, कारण हा व्हायरस लॅबमध्ये नीट वाढतच नव्हता. ऑस्ट्रेलियात इयान फ्रेझर आणि जियान झाऊ यांनी 1991 मध्ये वेगळी वाट काढली. व्हायरसच्या वरच्या कवचाचं प्रोटीन तेवढं तयार केलं तर ते आपोआप गोल जुळतं, दिसायला हुबेहूब व्हायरस पण आत काहीच नाही, आपल्या तुरीच्या पोचट शेंगेसारखं. अशा कवचाने इन्फेक्शन होऊच शकत नाही, पण शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवून ठेवतं आणि पुढं खरा व्हायरस आला की त्या त्याला पेशीत शिरायच्या आधीच धरतात.

सगळी गोम इथंच आहे. अँटीबॉडी कवच ओळखतात. व्हायरस एकदा पेशीत शिरून बसला की खालच्या थरातल्या पेशीत तो हे कवच बनवतच नाही, मग अँटीबॉडी पकडणार कशाला? म्हणजे ही लस अडवणारी आहे, बरं करणारी नाही.

हे नुसतं बोलणं नाही, तपासूनही झालंय. कोस्टारिकात 18 ते 25 वयाच्या ज्या बायकांना आधीच एचपीव्ही होता अशा दोन हजारांवर बायकांची पाहणी 2007 मध्ये छापून आली. अर्ध्यांना एचपीव्हीची लस, अर्ध्यांना दुसरीच लस दिलेली. वर्षभरानं दोन्हीकडे जवळपास निम्म्या बायकांचा व्हायरस गेलेला होता, फरक काहीच नाही. तो शरीरानंच घालवला होता, लसीनं नाही.

त्याच वर्षी दुसरी मोठी ट्रायल छापून आली, 15 ते 26 वयाच्या 12 हजारांवर बायकांची, आणि यातल्या पुष्कळ जणी सेक्शुअली अॅक्टिव्ह होत्या हे आपल्याकडे कोणी सांगतच नाही. ज्यांना 16 आणि 18 नंबर आधी लागलेले नव्हते आणि ज्यांनी तिन्ही डोस घेतले, त्यांच्यात त्या दोन प्रकारांमुळं होणारी कॅन्सरच्या आधीची खराबी 98 टक्के कमी झाली. सगळ्या बायका धरल्या, म्हणजे आधी लागण झालेल्याही, तर आकडा 44 टक्क्यांवर आला. लस तीच, फक्त काही जणींच्या बाबतीत ती उशिरा पोचली. "लग्नाआधी" हे जे आपण ऐकतो ते या दोन आकड्यांमधल्या फरकातून आलेलं आहे.

पण 44 म्हणजे शून्य नाही ना बाप्पा! आणि तो सगळ्या बायकांचा मिळून सरासरी आकडा आहे, कोणा एकीचा नाही. एका बाईला सगळे प्रकार आधीच लागून गेलेत असं क्वचितच होतं. 16 लागून गेला असेल तर 18 पासून संरक्षण मिळतंच.

ही लस 26 वर्षांपर्यंतच असं म्हणतात, ती रेघही अशीच आलेली. ट्रायल 26 पर्यंतच्या बायकांवर झाली म्हणून अमेरिकेत 2006 मध्ये परवानगी 9 ते 26 अशी मिळाली, पुढे 2018 मध्ये ती 45 पर्यंत वाढवली. सत्ताविसाव्या वाढदिवसाला शरीरात काही दार बंद होत नाही, वय वाढतं तसा फायदा कमी कमी होत जातो एवढंच.

आपल्याकडे या लसी 2008 मध्ये आल्या आणि लगेच गडबड झाली. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात शाळकरी मुलींना लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला, त्यात सात मुली दगावल्या आणि एप्रिल 2010 मध्ये काम थांबवलं. चौकशीत मृत्यूची कारणं साप चावणं, बुडणं, विषारी औषध, मलेरिया अशी निघाली, लसीशी संबंध लागला नाही. पण पालकांऐवजी हॉस्टेलच्या वॉर्डनच्या सह्या घेतल्या होत्या ही चूक खरीच होती आणि तिनं लोकांचा विश्वास गेला, व्हॉट्सअॅपवर "पोरी मेल्या" म्हणून फिरतं ते तिथलंच. मग बरीच वर्षं सामसूम. 2022 मध्ये पुण्याच्या सीरमच्या सर्व्हाव्हॅक या एचपीव्ही लसीला परवानगी मिळाली, बाजारात आली तेव्हा ती बाहेरच्या कंपनीच्या लसीपेक्षा स्वस्त होती. सरकारी बोलणं सगळं शाळकरी वयाच्या मुलींचं, कारण पैसा मोजका असला की तो जिथं जास्त फायदा तिथंच लावतात. पंचविशीतल्या बाईला स्वतःच्या खिशातून घ्यावी लागते, पण म्हणून ती तिच्यासाठी बाद ठरत नाही.

आता त्या ताईचंच घ्या. सर्व्हाव्हॅक 26 पर्यंत मान्य आहे, म्हणजे ती बसते. 15 च्या वर तीन डोस, पहिला जूनमध्ये घेतला तर दुसरा ऑगस्टमध्ये, तिसरा डिसेंबरमध्ये. आधी एचपीव्हीची टेस्ट करायची गरज नाही, कारण निगेटिव्ह येवो की पॉझिटिव्ह, लस द्यायचीच असते. अंगावर दूध पाजत असली तरी चालतं. मधेच दिवस राहिले तर पुढचा डोस बाळंतपणानंतर, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात नाही. दंडात टोचल्यावर 15 मिनिटं तिथंच बसायचं, काहींना चक्कर येते. एक मात्र बघायचं, लस 2 ते 8 डिग्रीत राहायला पाहिजे आणि गोठायलाही नको, म्हणून तालुक्याच्या मेडिकलमधून घेऊन पिशवीत टाकून एसटीनं गावी आणायची नाही, जिथं फ्रिज आहे तिथंच टोचून घ्यायची.

तिनं अजून विचारलं, "मी तं घरातच रायतो, मले कशाले लागन?" तिचा नवरा वर्षातून आठ महिने बाहेर कामाला असतो. लागण फक्त तिच्या वागण्यावर ठरत नाही, आणि व्हायरस नवऱ्याकडे लग्नाआधीचाही असू शकतो, दोघांनाही पत्ता नसताना. यावरून घरात कोणावर संशय घ्यायचंही कारण नाही, हा फार कॉमन व्हायरस आहे आणि बहुतेकांचा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. जो वर्षानुवर्षं टिकतो त्याचाच पुढं कॅन्सर होतो, तोही साधारण 15-20 वर्षं घेऊन.

म्हणून तिन्ही डोस झाले तरी तिशीनंतरची तपासणी टळत नाही. आधी लागलेला प्रकार आत बसलेला असला तर तो लसीला दिसणार नाही, तपासणीत दिसतो. सरकारी कार्यक्रमात 30 च्या पुढं पिशवीच्या तोंडाला पातळ अॅसिटिक अॅसिड लावून बघतात, पांढरा चट्टा उठला तर पुढं पाठवतात. आणि आताच अंगावरून वास मारणारं पाणी जात असेल किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल तर तिशीची वाट बघायची नाही, लस घेतलेली असो की नसो, आधी तपासून घ्यायचं.