स्केल्ड स्कोअर आणि फेरपरीक्षा : एडब्ल्यूएस सोल्यूशन्स आर्किटेक्ट परीक्षेचे गुणपत्रक

अमेझॉन वेब सर्व्हिसेसच्या ‘सोल्यूशन्स आर्किटेक्ट – असोसिएट’ या प्रमाणपत्र परीक्षेचा (संकेतांक SAA-C03) निकाल 100 ते 1000 या पट्टीवरच्या एका आकड्यात, म्हणजे स्केल्ड स्कोअरमध्ये, मिळतो. उत्तीर्ण होण्यासाठी किमान 720 लागतात. त्याखाली चार विभागांचा एक छोटा तक्ता असतो आणि प्रत्येक विभागापुढे ‘मीट्स कॉम्पिटन्सीज’ किंवा ‘नीड्स इम्प्रूव्हमेंट’ यांपैकी एका रकान्यात खूण असते. किती प्रश्न बरोबर आले, कोणते चुकले, हे त्यात कुठेही नसते. नापास उमेदवाराला पुढचा निर्णय एवढ्याच कागदावरून घ्यायचा असल्याने तो काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे नीट कळणे गरजेचे ठरते.

महाराष्ट्रात शिकलेला वाचक हे गुणपत्रक पाहतो तेव्हा त्याच्या मनात दहावीची मार्कशीट असते. तिथे 100 पैकी 35 म्हणजे 35 टक्के, आणि एका विषयात गचका बसला की बाकीचे कितीही चांगले असले तरी निकाल अडतो. इथे या दोन्ही समजुती चुकतात. 720 म्हणजे 72 टक्के नव्हे, आणि प्रत्येक विभागात स्वतंत्रपणे पास व्हावे लागत नाही. एका विभागातली तूट दुसऱ्यातल्या जादा गुणांनी भरून निघते. निकाल फक्त एकूण बेरजेवर ठरतो. त्यामुळे दोन विभागांपुढे ‘नीड्स इम्प्रूव्हमेंट’ असूनही उमेदवार पास झालेला दिसतो, आणि तीन विभागांपुढे चांगला शेरा असूनही नापास. दोन्ही निकाल बरोबरच असतात.

720 हा आकडा कसा येतो

परीक्षेत 65 प्रश्न आणि 130 मिनिटे असतात. त्यांपैकी 50 प्रश्नांचेच गुण धरले जातात. उरलेले 15 पुढच्या परीक्षांसाठी चाचपणीचे असतात आणि ते कोणते, हे उमेदवाराला कळत नाही. बाहेर पडल्यावर ‘तो एक प्रश्न नक्की चुकला’ म्हणून केलेली हळहळ कधीकधी मोजल्याच न गेलेल्या प्रश्नाबद्दल असते.

एकाच परीक्षेच्या अनेक प्रश्नपत्रिका चालू असतात आणि त्यांची काठिण्यपातळी तंतोतंत सारखी ठेवणे कुणालाच जमत नाही. म्हणून आधी ठरवतात तो किमान दर्जा. या क्षेत्रात त्यासाठी विल्यम अँगॉफ यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत सर्रास वापरतात : जाणकारांचा गट एकेक प्रश्न वाचतो आणि ‘जेमतेम पात्र’ अशा शंभर उमेदवारांपैकी किती जणांना तो जमेल, याचा अंदाज देतो. त्या अंदाजांची बेरीज म्हणजे त्या प्रश्नपत्रिकेचा कच्चा उत्तीर्णांक. पत्रिका अवघड असेल तर तो खाली येतो, सोपी असेल तर वर जातो, आणि मग तो कुठेही असला तरी पट्टीवर 720 या खुणेशी बसवतात.

अमेझॉन आपले सूत्र जाहीर करत नाही, पण रीत कळावी म्हणून एक काल्पनिक हिशेब मांडता येतो. समजा, ‘अ’ पत्रिकेचा कच्चा उत्तीर्णांक 50 पैकी 34 आहे आणि अवघड असलेल्या ‘ब’ पत्रिकेचा 32. शून्य बरोबर म्हणजे 100, सगळे बरोबर म्हणजे 1000, आणि मधे उत्तीर्णांक 720 वर. आता दोन मैत्रिणींना प्रत्येकी 33 उत्तरे बरोबर आली. ‘अ’ पत्रिका मिळालेलीला सुमारे 702 पडतात आणि ती नापास. ‘ब’ मिळालेलीला सुमारे 736 पडतात आणि ती पास. अन्याय वाटेल, पण दुसरीने अवघड प्रश्न सोडवले आहेत. या हिशेबात 720 च्या आसपास एका प्रश्नाला साधारण 16 ते 19 गुण पडतात, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

ही पर्सेंटाइलची पद्धत नव्हे. एमएचटी-सीईटीत तुमचा आकडा इतर परीक्षार्थींवर अवलंबून असतो. इथे त्या दिवशी सगळेच हुशार बसले म्हणून कुणाचे गुण कमी होत नाहीत.

विभागवार शेरा किती मनावर घ्यावा

चार विभागांचा वाटा असा : सुरक्षित रचना 30 टक्के, बिघाड सोसणाऱ्या रचना 26, वेगवान रचना 24 आणि खर्च आटोक्यात ठेवणाऱ्या रचना 20. मोजल्या जाणाऱ्या 50 प्रश्नांत हे अनुक्रमे 15, 13, 12 आणि 10 होतात. शेऱ्याची सगळी मर्यादा या आकड्यांतच आहे. खर्चाच्या विभागात दहाच प्रश्न. ज्याला त्या विषयातले खरोखर 70 टक्के येते, त्याच्याही दहात पाच किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता सुमारे 15 टक्के असते. म्हणजे शेरा वाईट आला तर विषय कच्चा असेलच असे नाही. अमेझॉनच्या परीक्षा मार्गदर्शिकेतही विभागवार अभिप्राय जपून वाचण्याची सूचना आहे. लोक ती वाचत नाहीत, हा भाग वेगळा.

एकूण आकडाही डळमळतो, पण कमी. 50 प्रश्नांत नशिबाचा हेलकावा सुमारे तीन प्रश्नांचा असतो, म्हणजे वरच्या काल्पनिक पट्टीवर पन्नासएक गुणांचा. म्हणून पहिल्या खेपेला 698 आणि दुसऱ्या खेपेला 709 मिळाले, तर ‘प्रगती झाली’ असे म्हणायला आधार नाही. उलट दोन्ही खेपांना तोच विभाग कच्चा निघाला, तर ती मात्र विश्वासार्ह खूण आहे.

चारही विभागांत ‘नीड्स इम्प्रूव्हमेंट’ आणि एकूण गुण सातशेच्या जवळ, असे गुणपत्रक आले तर विषयाआधी वेळेकडे पाहावे, असे या लेखकाचे मत आहे. एका प्रश्नाला दोन मिनिटे मिळतात आणि प्रश्न चांगले परिच्छेदभर लांब असतात. न सोडवलेला प्रश्न चूकच धरतात. चुकीच्या उत्तराला वजा गुण नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवू नये. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्यांना इंग्रजीतल्या परीक्षेसाठी 30 मिनिटे जादा मिळण्याची सोय आहे. ती विनामूल्य आहे, पण परीक्षेची वेळ आरक्षित करण्यापूर्वी मागावी लागते. मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी जणांना हे पहिल्या अपयशानंतर कळते.

फेरपरीक्षा केव्हा द्यावी

नापास झाल्यावर 14 दिवस थांबावे लागते. प्रयत्नांच्या संख्येला मर्यादा नाही, पण दर वेळी पूर्ण शुल्क भरावे लागते : 150 अमेरिकी डॉलर, शिवाय लागू असलेला कर. चौदा दिवस ही किमान अट आहे. अनेकजण तिलाच तयारीचे वेळापत्रक समजतात आणि पंधराव्या दिवशी पुन्हा बसतात.

एक काल्पनिक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. नाशिकच्या एका उमेदवाराला 702 मिळाले. सुरक्षेपुढे ‘नीड्स इम्प्रूव्हमेंट’, बाकी तिन्ही ठीक. पडद्यामागे त्याची बरोबर उत्तरे सुरक्षेत 15 पैकी 8, मग 13 पैकी 9, 12 पैकी 9 आणि 10 पैकी 7, एकूण 33 अशी होती. ‘एकच प्रश्न कमी पडला, पुढच्या वेळी निघेल’ असे त्याला वाटणे साहजिक आहे. पण त्याची खरी पातळी 66 टक्के धरली, तर काहीही न वाचता पुन्हा बसल्यास 34 गाठण्याची शक्यता 45 टक्क्यांच्या आतच राहते. म्हणजे पैसे वाया जाण्याचीच शक्यता अधिक.

आता त्याने सुरक्षेत 8 वरून 12 वर मजल मारली, तर एकूण अपेक्षा 37 होते आणि पास होण्याची शक्यता 85 ते 90 टक्क्यांवर जाते. त्याऐवजी खर्चाच्या विभागावर मेहनत घेऊन दहापैकी दहा मिळवले, तरी अपेक्षा 36 च होते. कच्चा विभाग मोठा असेल तर तिथे दिलेला वेळ जास्त फळतो, तो असा.

तरीही सुरक्षेतले ते 8 निव्वळ कमनशिबाचे असू शकतात. 68 टक्के येणाऱ्यालाही साधारण सहातून एकदा असे होते. म्हणून वाचायला बसण्यापूर्वी शेऱ्याची खातरजमा करावी. मार्गदर्शिकेत सुरक्षेचा विभाग तीन कामांत मोडला आहे : संसाधनांवरचा प्रवेश, ॲप्लिकेशन व त्याच्या जाळ्याची सुरक्षा, आणि माहितीचे रक्षण. प्रत्येकावरचे वीसेक प्रश्न सोडवावेत. मात्र ते पूर्वी कधीही न पाहिलेले हवेत. आपल्या उमेदवाराला प्रवेशाच्या कामात वीसपैकी 16 आणि माहितीच्या रक्षणात 15 आले, पण जाळ्याच्या प्रश्नांत 9 च आले. चुका तपासल्यावर दिसले की सिक्युरिटी ग्रुप आणि नेटवर्क एसीएल या जाळ्यातली वाहतूक रोखणाऱ्या-सोडणाऱ्या दोन नियमसंचांत त्याचा गोंधळ होता. सिक्युरिटी ग्रुप आत येऊ दिलेल्या विनंतीचे उत्तर आपोआप बाहेर जाऊ देतो. नेटवर्क एसीएलला काहीच आठवत नाही, परतीच्या वाहतुकीसाठी वेगळा नियम लिहावा लागतो. ‘सुरक्षा कच्ची’ या शेऱ्यातून तो इतक्या नेमक्या जागी पोहोचला, आणि तिथून तीन आठवड्यांचे काम ठरवता आले.

सराव परीक्षेतले गुण इथे फसवतात. तोच संच तिसऱ्यांदा सोडवून 90 टक्के आले, तर त्यात प्रश्न ओळखीचे झाल्याचा मोठा वाटा असतो. ओळखायची खूण सोपी आहे : नव्या संचात गुण एकदम 15–20 टक्क्यांनी घसरले, तर आधीचे गुण पाठांतराचे होते. कोऱ्या संचावर, ठरलेल्या वेळेत, लागोपाठ दोनदा 80 टक्क्यांच्या आसपास आले की नोंदणी करायला हरकत नाही. सराव संचांची काठिण्यपातळी खऱ्या परीक्षेशी जुळेलच असे नसल्याने 75 वर न थांबता थोडी जागा राखलेली बरी. फुटलेले प्रश्न विकणाऱ्यांकडून घेतलेला संच वापरणे हा नियमभंग आहे आणि त्यावर मिळवलेले प्रमाणपत्र रद्द होऊ शकते.

फार लांबवण्यातही धोका असतो, कारण परीक्षेची आवृत्ती बदलते. ऑगस्ट 2022 मध्ये SAA-C02 जाऊन SAA-C03 आली, तेव्हा विभागांचे वाटे आणि अभ्यासक्रम दोन्ही बदलले. अशा बदलानंतर जुन्या गुणपत्रकावरचे शेरे नव्या विभागांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, आणि खातरजमेचे काम पहिल्यापासून करावे लागते.