ज्युरीचा पुरस्कार आणि फिप्रेस्कीचा पुरस्कार: एकाच महोत्सवातले दोन निकाल

चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा मराठी चित्रपट २०२० साली व्हेनिस महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता. तेथे त्याला दोन पुरस्कार मिळाले. एक सर्वोत्कृष्ट पटकथेचा आणि दुसरा 'फिप्रेस्की' या समीक्षकांच्या संघटनेचा. पोस्टरवर असे पुरस्कार एकाच आकाराच्या पानांच्या कमानीत शेजारी शेजारी छापले जातात, त्यामुळे दोन्ही एकाच परीक्षकांनी, एकाच विचाराने दिले असतील असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ते दोन वेगळ्या मंडळांनी दोन वेगळ्या प्रश्नांना दिलेली उत्तरे असतात. पुरस्कारांच्या याद्या हाताशी धरून चांगले चित्रपट शोधणाऱ्याने सर्वांत आधी हा फरक समजून घ्यावा असे मला वाटते, कारण तो कळला नाही तर याद्यांमधले काही सर्वोत्तम चित्रपट डोळ्यांसमोरून निसटून जातात.

ज्युरी, म्हणजे अधिकृत परीक्षक मंडळ, महोत्सवच नेमतो. फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्यात साधारणपणे अध्यक्ष धरून नऊ जण असतात आणि त्यांत दिग्दर्शक व अभिनेत्यांचा भरणा मोठा असतो. मुख्य स्पर्धेतले वीसेक चित्रपट पाहून त्यांना सात-आठ पुरस्कार द्यायचे असतात. पहिला पुरस्कार पाल्म दोर, त्याखालचा ग्रां प्री, मग दिग्दर्शन, पटकथा, अभिनेता, अभिनेत्री आणि ज्युरी पुरस्कार. 'ग्रां प्री' या नावात 'मोठा' असा अर्थ असल्याने तोच पहिला पुरस्कार आहे असे अनेकांना वाटते, पण तो क्रमाने दुसरा आहे.

या मंडळाच्या हातात केवळ निवड नसते, वाटणीही असते. १९९१ साली 'बार्टन फिंक' या एकाच चित्रपटाने कानमध्ये पाल्म दोर, दिग्दर्शन आणि अभिनेता असे तीन पुरस्कार नेले. त्यानंतर असे एकवटणे रोखण्यासाठी नियम कडक होत गेले. आज तेथे एका चित्रपटाला एकच पुरस्कार द्यावा असा दंडक आहे, आणि पटकथेचा किंवा ज्युरी पुरस्कार अभिनयाच्या पुरस्काराबरोबर देण्याची मुभा केवळ अपवाद म्हणून आहे. याचा परिणाम यादी वाचणाऱ्याने नीट लक्षात घ्यायला हवा. 'सर्वोत्कृष्ट पटकथा' असे लिहिले असेल तर त्याचा अर्थ नेहमीच 'या चित्रपटातली पटकथा हीच सगळ्यांत मोठी गोष्ट' असा होत नाही. मंडळातल्या काहींना तो चित्रपट फार वर ठेवायचा होता, पण वरच्या जागा दुसऱ्यांकडे गेल्या आणि मग पटकथेच्या रूपाने त्याची दखल घेतली गेली, असेही घडू शकते. बंद दाराआड काय झाले हे यादी सांगत नाही. ती केवळ तडजोडीनंतरचा अंतिम आकार दाखवते.

फिप्रेस्की ही चित्रपट समीक्षकांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिची स्थापना १९३० सालची आणि कानमध्ये तिचे पुरस्कार १९४६ पासूनचे. महोत्सवाशी ठरवून ती आपल्या सभासदांमधून मोजक्या समीक्षकांचे स्वतंत्र मंडळ तेथे पाठवते. ही मंडळी वर्षभर चित्रपट पाहून त्यांवर लिहिणारी असतात. त्यांना सात-आठ पुरस्कार वाटायचे नसतात. एका विभागातून एकच चित्रपट निवडायचा असतो, त्यामुळे दिग्दर्शनाचे पारडे कोणाकडे आणि अभिनयाचे कोणाकडे असा समतोल साधण्याची गरजच उरत नाही. 'या विभागात तुम्हाला सर्वांत मोलाचा वाटलेला चित्रपट कोणता?' एवढाच प्रश्न, आणि त्याचे एका नावात उत्तर.

२०१६ च्या कानची यादी या दृष्टीने पुन्हा काढून बघावी. जॉर्ज मिलर अध्यक्ष असलेल्या ज्युरीने पाल्म दोर केन लोच यांच्या 'आय, डॅनियल ब्लेक'ला दिला आणि ग्रां प्री झाविए दोलाँ यांच्या 'इट्स ओन्ली द एंड ऑफ द वर्ल्ड'ला. दिग्दर्शनाचा पुरस्कार दोघांत विभागला गेला. असगर फरहादी यांच्या 'द सेल्समन'ला पटकथा आणि अभिनेता असे दोन पुरस्कार मिळाले, म्हणजे वर सांगितलेला अपवाद येथे वापरला गेला. ज्युरी पुरस्कार 'अमेरिकन हनी'कडे गेला. इतकी मोठी यादी झाली, पण मारेन आडे या जर्मन दिग्दर्शिकेचा 'टोनी एर्डमान' तिच्यात कोठेच नाही.

फिप्रेस्कीच्या समीक्षकांनी मुख्य स्पर्धेतून निवडला तो नेमका हाच चित्रपट. ते एकटे नव्हते. 'स्क्रीन इंटरनॅशनल' हे व्यवसायपत्र महोत्सवाच्या काळात निरनिराळ्या देशांच्या समीक्षकांकडून चारपैकी गुण मागवून रोज तक्ता छापते. त्या तक्त्यात या चित्रपटाची सरासरी ३.७ झाली आणि तोवरचा तो उच्चांक होता. त्याच वर्षी पुढे फिप्रेस्कीच्या जगभरच्या सभासदांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम चित्रपट ठरवले.

चित्रपटाची लांबी १६२ मिनिटे आहे आणि गोष्ट सांगायला गेले तर दोन ओळींत संपते. बुखारेस्टमध्ये एका सल्लागार कंपनीत काम करणाऱ्या मुलीकडे तिचा थट्टेखोर बाप न सांगता जाऊन पोहोचतो. शर्टाच्या खिशातून तो पुढे आलेल्या खोट्या दातांची कवळी काढून तोंडात बसवतो, डोक्यावर केसांचा टोप चढवतो आणि तिच्या कामाच्या माणसांमध्ये एका भलत्याच नावाने वावरू लागतो. ती कवळी पहिल्यांदा दिसते तेव्हा हसू येते. दोन तासांनी ती पुन्हा बाहेर येते तेव्हा ती पाहवत नाही. हा बदल कोणत्या क्षणी झाला ते मला दोनदा पाहूनही नेमके दाखवता आलेले नाही, आणि म्हणूनच हा चित्रपट मी भेटेल त्याला सुचवतो. ज्याने फक्त ज्युरीची यादी धरून २०१६ चे कान पाहिले, त्याच्या वाट्याला तो आलाच नसता.

दोन वर्षांनी असेच घडले. ली चांग-डाँग यांचा कोरियन 'बर्निंग' २०१८ च्या स्पर्धेत होता. त्याच तक्त्यात त्याने ३.८ गुण मिळवून आधीचा उच्चांक मोडला. फिप्रेस्कीने त्यालाच निवडले, पण मुख्य ज्युरीच्या यादीत त्याचे नाव आले नाही. त्या वर्षीचा पाल्म दोर कोरे-एडा यांच्या 'शॉपलिफ्टर्स'चा होता आणि तोही उत्तमच चित्रपट आहे, तेव्हा ज्युरी चुकली असा याचा अर्थ काढू नये. तिच्याकडे वीसेक चित्रपटांसाठी मोजक्या जागा होत्या, आणि एक मोठा चित्रपट त्या जागांच्या बाहेर राहिला.

दोन निकाल जुळतात तेव्हा काय समजावे? २०१४ साली नुरी बिल्गे जेलान यांच्या 'विंटर स्लीप'ला पाल्म दोर आणि फिप्रेस्की दोन्ही मिळाले. मला त्याहून अधिक बोलकी वाटते ती ग्रां प्री आणि फिप्रेस्की यांची जोडी. २०१५ मध्ये 'सन ऑफ सॉल', २०१७ मध्ये '१२० बीट्स पर मिनिट', २०२३ मध्ये 'द झोन ऑफ इंटरेस्ट': तिन्ही वेळा अधिकृत ज्युरीने चित्रपटाला दुसरी जागा दिली आणि समीक्षकांनी त्यालाच पहिला मानला. तिन्ही चित्रपट विषयाने जड आहेत. पहिला आणि तिसरा तर आउश्वित्झच्या छळछावणीशी जोडलेले आहेत, पण बघण्याची रीत दोघांची अगदी उलटी. एक छावणीत राबणाऱ्या कैद्याच्या चेहऱ्याला चिकटून राहतो आणि आजूबाजूचे सारे धूसर ठेवतो, तर दुसरा भिंतीपलीकडच्या अधिकाऱ्याच्या घरात राहतो आणि छावणीतले फक्त आवाज ऐकवतो. फक्त पाल्म दोरच्या मानकऱ्यांची यादी करून ठेवणाऱ्याच्या हाती या तिघांपैकी एकही लागत नाही.

फिप्रेस्कीच्या नावालाही डोळे झाकून धरता येत नाही, आणि येथे होणारी गफलत बरीच सामान्य आहे. एकट्या कानमध्येच ही संघटना मुख्य स्पर्धा, 'अन सर्टन रिगार्ड' हा महोत्सवाचाच दुसरा विभाग आणि समांतर विभाग यांसाठी वेगवेगळे पुरस्कार देते. नीरज घायवान यांच्या 'मसान'ला २०१५ साली कानमध्ये फिप्रेस्की मिळाला तो 'अन सर्टन रिगार्ड' विभागात. मुख्य स्पर्धेतला फिप्रेस्की त्याच वर्षी, वर म्हटल्याप्रमाणे, 'सन ऑफ सॉल'चा होता. दोन्ही चित्रपट 'कान, फिप्रेस्की, २०१५' असे खरेपणाने छापू शकतात, पण ते वेगळ्या रांगेतून निवडले गेले. यात 'मसान'चे मोल तसूभरही कमी होत नाही. शिवाय हीच संघटना जगभरच्या अनेक लहानमोठ्या महोत्सवांत पुरस्कार देते, आणि जेथे स्पर्धेत मुळात थोडेच चित्रपट असतात तेथे 'त्यांतला सर्वोत्तम' याचे वजनही त्याच मापाने धरावे लागते. त्यामुळे महोत्सव, वर्ष आणि विभाग या तिन्ही गोष्टी वाचल्याशिवाय त्या कमानीतले नाव अर्धवटच वाचलेले असते. पोस्टरवर विभाग दिला नसेल तर fipresci.org वर महोत्सव व वर्षानुसार पुरस्कार आणि मंडळातल्या समीक्षकांची नावे पाहता येतात. बहुतेक वेळा त्यांनी महोत्सवाविषयी लिहिलेले लेखही तेथे असतात, आणि निवड का झाली याचा माग त्यांतून लागतो. तशी सोय ज्युरीच्या निकालात नसते.

आता 'द डिसायपल'कडे परत येऊ. २०२० च्या त्या स्पर्धेत केट ब्लँचेट अध्यक्ष असलेल्या ज्युरीने सुवर्णसिंह हा तिथला पहिला पुरस्कार 'नोमॅडलँड'ला दिला आणि ताम्हाणे यांना पटकथेसाठी निवडले. फिप्रेस्कीच्या समीक्षकांनी त्याच मुख्य स्पर्धेतून एक चित्रपट निवडला, तो हाच. म्हणजे पटकथेचा पुरस्कार सांगतो की मंडळाच्या वाटणीत या चित्रपटाला एक मानाची जागा मिळाली, आणि फिप्रेस्कीचा सांगतो की समीक्षकांच्या लेखी त्या वर्षीच्या व्हेनिस स्पर्धेत त्याच्या वर कोणी नव्हते. शास्त्रीय गाणे शिकणाऱ्या शरद नेरुळकरची ही कहाणी मुंबईतली, मराठीतली. दादरच्या किंवा पुण्याच्या बैठकांना गेलेल्या माणसाला तिच्यातल्या पडक्या आवाजातल्या तानेचे दुःख कोणी समजावून सांगावे लागत नाही. तिच्याविषयी बोलताना आपण बहुधा 'व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार' एवढेच म्हणतो. त्या दोन पुरस्कारांपैकी मोठे विधान करणारा दुसरा आहे.