बोलण्याची कसोटी : किशोरवयीनांसाठी धावण्याचा आरंभिक कार्यक्रम

धावताना सलग बोलता येते की नाही, यावरून श्रमाची तीव्रता ओळखण्याच्या रीतीला बोलण्याची कसोटी किंवा टॉक टेस्ट म्हणतात. घड्याळ, नाडी मोजण्याचे यंत्र किंवा प्रयोगशाळा यांपैकी काहीच लागत नसल्यामुळे शाळेच्या मैदानावर ती सहज वापरता येते. यापूर्वी नियमित न धावलेल्या, साधारण १२ ते १६ वयाच्या मुलामुलींना स्वतःचा वेग राखायला शिकवणे, एवढ्याच उपयोगापुरता प्रस्तुत नोंदीत तिचा विचार केला आहे.

उगम : या कसोटीचे जनकत्व बहुधा ऑक्सफर्डचे प्राध्यापक जॉन ग्रेसन यांच्याकडे दिले जाते. बोलता येईल त्यापेक्षा भरभर चढू नका, असा सल्ला त्यांनी ब्रिटिश गिर्यारोहकांना १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात दिला, असे सांगतात. हा दाखला मुख्यतः बऱ्याच नंतरच्या संशोधन-निबंधांतून चालत आलेला असल्याने त्याचे वर्ष नेमके धरू नये. धावण्याच्या क्षेत्रात मात्र ही कल्पना न्यूझीलंडमार्गे आली, असे मानण्यास अधिक आधार आहे. तेथील प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी १९६२च्या सुमारास ऑकलंडमध्ये मध्यमवयीन, सुटलेल्या पोटाच्या नागरिकांना गप्पा मारत धावायला लावले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन तेथे गेले, आपल्याहून वयाने बऱ्याच मोठ्या धावकांच्या मागे पडले आणि परतल्यावर त्यांनी हीच रीत आपल्या गावी सुरू केली. गिर्यारोहणातील सल्ला आणि धावण्यातील रीत यांचा थेट संबंध दाखवता येत नाही. दम लागला की बोलणे तुटते हे कोणत्याही घाट चढणाऱ्याला ठाऊक असते. त्यामुळे दोन्हींचा उगम स्वतंत्र असण्याचीच शक्यता जास्त वाटते.

या अनुभवाला प्रयोगशाळेची जोड प्रामुख्याने अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस शाखेत मिळाली. कार्ल फॉस्टर, जॉन पोर्कारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या काही वर्षांत ट्रेडमिलवर व सायकलवर चाचण्या घेतल्या. ‘आरामात बोलता येते का?’ या प्रश्नाचे ‘हो’, ‘नक्की सांगता येत नाही’ आणि ‘नाही’ असे तीन प्रकारचे उत्तर त्यांनी धरले. मधल्या उत्तराची पायरी व्हेंटिलेटरी थ्रेशोल्डच्या, म्हणजे श्रमाच्या मानाने श्वासोच्छ्वास एकदम वाढू लागतो त्या टप्प्याच्या, जवळपास येते, असे त्यांना आढळले. ‘हो’ हे उत्तर त्याच्या खाली येते आणि ‘नाही’ त्याच्या वर.

कारण : बोलणे उच्छ्वासावर चालते. वाक्य लांबले की श्वास घेणे तेवढे लांबणीवर पडते. हलक्या श्रमात शरीर ही उसनवारी चालवून घेते. श्रम वाढून रक्तात कार्बन डायऑक्साइडचा रेटा वाढला की पुढचा श्वास थांबवून धरता येत नाही आणि वाक्य मध्येच तुटते. म्हणून एखादा शब्द किंवा ‘हो सर’ म्हणता येणे ही कसोटी नव्हे. लांब वाक्य लागते.

किशोरवयातील अडचण : नवशिक्या मुलांचा वेग चुकतो तो बहुतेक वेळा पहिल्या शंभर-दोनशे मीटरांत. मिकलराइट व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५ ते १४ वयोगटातील शाळकरी मुलांची धाव पाहिली होती. लहान मुले सुरुवातीलाच जोर लावून पुढे मंदावत गेली, तर मोठी आणि आकलनाने पुढे गेलेली मुले मधला भाग राखून धावत शेवटाला पुन्हा वेग घेत होती. याचा अर्थ वेग राखण्याची बौद्धिक तयारी साधारण या वयात होते, सवय मात्र आपोआप लागत नाही.

येथे या कसोटीचा एक दोष आडवा येतो आणि शिक्षकांसाठीच्या सूचनांत तो क्वचितच सांगितला जातो. धाव सुरू झाल्याबरोबर श्वास वाढतो खरा, पण श्रमाच्या खऱ्या मागणीशी जुळायला त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. तोवर भरधाव निघालेले मूलही मजेत बोलू शकते. पहिल्या मिनिटातील ‘हो’ हे उत्तर त्यामुळे फसवे असते. नवशिक्यांना एक मिनिट धावणे व एक-दोन मिनिटे चालणे असा प्रचलित आराखडा दिला, तर कसोटीला बोलायची संधीच मिळत नाही. मुले प्रत्येक मिनिटाची शर्यत करतात, बोलतातही, आणि सहाव्या-सातव्या फेरीत कोलमडतात. खेलो इंडिया तंदुरुस्ती चाचणीत ९ ते १८ वयोगटासाठी ६०० मीटर धावणे-चालणे असते. बहुतेक मुले ते अंतर तीन-साडेतीन मिनिटांत संपवतात, म्हणजे श्वासाचा खरा कौल मिळेपर्यंत धाव जवळजवळ संपलेली असते.

यावर उपाय असा, की तिसऱ्या मिनिटाच्या शेवटी मिळालेले उत्तर पहिल्या मिनिटाच्या वेगाला लावायचे. तिसऱ्या मिनिटाला वाक्य तुटले तर आता हळू व्हा एवढे सांगून भागत नाही. पुढच्या धावेची पहिली फेरी हळू निघायची असते. मुलांच्या हे ध्यानात येणे म्हणजेच वेग राखायला शिकणे. खालील आराखडा याच तत्त्वावर बेतला आहे.

म्हणून घेण्याचा मजकूर : अमेरिकी चाचण्यांत तेथील राष्ट्रीय प्रतिज्ञा म्हणवून घेण्याची पद्धत रूढ आहे. मराठी शाळांत त्याला तयार पर्याय आहे. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ मध्ये मूळ तेलुगूत लिहिलेली आणि आता पाठ्यपुस्तकांच्या आरंभी छापली जाणारी प्रतिज्ञा मुलांना तोंडपाठ असते, आणि तिची ठेवण या कामाला विशेष सोयीची आहे. पहिली तीन वाक्ये आखूड आहेत, ‘भारत माझा देश आहे’ तर अवघ्या नऊ अक्षरांचे. चौथे, ‘समृद्ध आणि विविधतांनी नटलेल्या परंपरां’चे वाक्य, तेहतीस अक्षरांपर्यंत जाते. प्रस्तुत नोंदकाराच्या मते निकाल असा धरावा : चौथे वाक्य एका श्वासात, किंवा फार तर मध्ये एकदा श्वास घेऊन, पुरे झाले तर ‘हो’. दोन-तीन ठिकाणी तुटले तर ‘नक्की नाही’. पहिल्या तीनांतच तुटले तर ‘नाही’. प्रार्थनेच्या वेळच्या ठेक्यात मुले ठरावीक जागी थांबतात, ते थांबे दम लागल्याचे समजू नयेत. शंका आल्यास ‘काल संध्याकाळी काय काय केलंस?’ असे विचारावे. ठेका मोडतो आणि खरा श्वास ऐकू येतो.

आराखडा : आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, दोन धावांच्या मध्ये किमान एक दिवस मोकळा. फक्कीने आखलेली २०० मीटरची फेरी पुरते. पहिले दोन आठवडे पाच मिनिटे चालून झाल्यावर तीन मिनिटे धाव व दोन मिनिटे चाल, असे चार वेळा. ही धाव दुडक्या चालीची, म्हणजे शेजारी कोणी झपाझप चालत असेल तर त्याच्या किंचितच पुढे जाणारी असते. एवढे हळू धावणे मुलांना लाजिरवाणे वाटते, विशेषतः मुलगे मुलींच्या देखत ते करायला तयार होत नाहीत, आणि पहिला आठवडा बहुतांशी या समजुतीतच जातो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाच मिनिटांच्या तीन धावा, पाचव्या-सहाव्यात आठ मिनिटांच्या दोन, सातव्यात बारा व आठ मिनिटांची प्रत्येकी एक, मध्ये सर्वत्र दोन मिनिटे चाल. आठव्या आठवड्यात वीस मिनिटे सलग. ज्या मुलाचे शेवटच्या धावेतले उत्तर ‘हो’ येत नाही त्याने तोच आठवडा पुन्हा करावा. जोड्या लावताना शंभर मीटरच्या वेगावरून न लावता कसोटीच्या उत्तरावरून लावाव्यात. चपळ मूल दमसासात मागे असणे नेहमीचे आहे.

प्रत्येकाच्या वहीत दोनच आकडे लिहायचे, पहिल्या फेरीची व शेवटच्या पूर्ण फेरीची वेळ, आणि त्यापुढे कसोटीचे उत्तर. एक नमुना घेऊ. समजा, १३ वर्षांच्या एका मुलीने पहिल्या दिवशी पहिली फेरी ६२ सेकंदांत आणि दुसरी ७८ सेकंदांत केली. तिसऱ्या मिनिटाला ती ‘भारत माझा’ इथेच अडली. पुढच्या धावेत तिला पहिली फेरी ८५ सेकंदांच्या आत पुरी करायची नाही, असे सांगितले. फेऱ्या ८५ आणि ८४ सेकंदांत आल्या आणि चौथे वाक्य पुरे झाले. नंतरच्या दिवशी ८० सेकंदांनी फेरी धरली तेव्हा तेच वाक्य दोनदा तुटले. तिचा बोलता येणारा वेग म्हणून ८२ ते ८५च्या दरम्यान. आठव्या आठवड्यात ८० सेकंदांच्या फेरीलाही उत्तर ‘हो’ आले, तर वीस मिनिटांत तिच्या १५ फेऱ्या, म्हणजे ३ किलोमीटर होतात. अंतरापेक्षाही पाहण्याची गोष्ट ही, की पहिल्या व शेवटच्या फेरीतील फरक आता १६ सेकंदांवरून दोन-तीन सेकंदांवर आला का. पाचव्या आठवड्यापासून घड्याळ मुलांपासून लपवून, आधी फेरीची वेळ अंदाजाने सांगायला लावावी.

चुकीचे निकाल : बोलायच्या क्षणी मुले नकळत वेग कमी करतात. म्हणून शिक्षकाने उभे राहून न विचारता सोबत धावत विचारावे, किंवा त्या पन्नास मीटरांकडे निराळे लक्ष द्यावे. जोडीतला दमदार मुलगा एकटाच बोलत राहतो आणि दुसरा हुंकार देतो, तेव्हा कसोटी एकाचीच झालेली असते. बुजऱ्या किंवा अडखळत बोलणाऱ्या मुलांकडून आकडे मोजून घ्यावेत. आधी स्थिर उभे असताना एका श्वासात किती आकडे म्हणता येतात ते पाहावे आणि धावतानाचा आकडा त्याच्याशी ताडावा. चढावर व उन्हाळ्यात त्याच फेरीला उत्तर खाली घसरते. तेथे ठरलेल्या सेकंदांना चिकटून न राहता वेग सोडावा.

मर्यादा : धाव थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत खोकला किंवा छातीत शीळ येत असेल, तर तो व्यायामाने होणारा श्वासनलिकांचा आकुंचनाचा त्रास असू शकतो. धावताना दिलेले ‘हो’ त्याला पकडू शकत नाही. अगदी सावकाश दुडकतानाही आठवड्यांमागून आठवडे उत्तर ‘नाही’च राहिले, तर हिमोग्लोबिन तपासावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्क्यांना रक्तक्षय आढळला होता. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावरील आणि टाचेमागील दुखणे या वयात उंची झपाट्याने वाढताना येते. श्वास उत्तम असूनही धाव थांबवण्यास ते पुरेसे कारण आहे, आणि त्याबाबत ही कसोटी काहीच सांगत नाही.

थ्रेशोल्डच्या वरच्या श्रमासाठीही ती निरुपयोगी आहे. पोलीस भरतीतील १६०० किंवा ८०० मीटरची धाव बोलत धावण्याची नसते. तिच्या तयारीला लागणाऱ्या तरुणांना या कार्यक्रमातून फार तर पाया आणि पहिल्या फेरीचा संयम मिळतो. पुढचा वेग घड्याळावरच बांधावा लागतो.