बीएमआय सारखा, शरीरं वेगळी

2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांनी स्वतःचीच मोजमापं छापली. एक पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय एकच होता, 22.3. पण क्ष-किरणांच्या तपासणीने अंगातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. आशियाई लोकांसाठी लठ्ठपणाची रेषा खाली का आणावी लागली, हे मला या दोन आकड्यांइतकं स्पष्ट दुसऱ्या कशातच दिसलेलं नाही.

बीएमआय म्हणजे किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकात हे नातं मांडलं, ते माणसांच्या समूहाचा अभ्यास करताना. वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही, आणि चरबी मांडीवर आहे की पोटात, हेही कळत नाही. धोका मात्र बराचसा याच दुसऱ्या गोष्टीवर ठरतो. त्वचेखालची चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. आतड्यांभोवती आणि यकृतात साठलेली चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते, आणि तिथून मधुमेह व हृदयविकाराची वाट सुरू होते.

दक्षिण आशियाई शरीरात त्याच वजनाला सरासरीने स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, त्यातही पोटातली जास्त. याची सुरुवात जन्माआधीच होत असावी. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. इथली बाळं सरासरी 2.7 किलोची, तिथली 3.5 किलोची. इथल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण त्वचेखालच्या चरबीत तेवढी घट नव्हती. बाळ दिसायला बारीक, पण चरबी राखून असलेलं.

आता दोन पुरुष घेऊ. दोघांची उंची 170 सेंटिमीटर, वजन 68 किलो. 1.70 चा वर्ग 2.89, म्हणून दोघांचा बीएमआय 23.5. जागतिक रेषेनुसार 25 पर्यंत सारं ठीक, त्यामुळे दोघेही सुटले. पहिल्याची कंबर 82 आणि नितंबांचा घेर 97 सेंटिमीटर, म्हणजे गुणोत्तर 0.85. दुसऱ्याची कंबर 94 आणि नितंब 96, गुणोत्तर 0.98. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पुरुषांत 0.90 आणि स्त्रियांत 0.85 पासून पुढे धोका बराच वाढतो. दुसऱ्या माणसाला तपासणीची गरज आहे, आणि ते वजनकाट्याने नाही, टेपने सांगितलं.

टेप कुठे धरायची, यावर मात्र सगळं अवलंबून असतं. शेवटची बरगडी आणि कंबरेच्या हाडाचा वरचा कडा, या दोहोंच्या मध्यावर कंबर मोजायची. उभं राहून, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता. नितंब मोजायचे ते जिथे सर्वांत रुंद असतील तिथे. पोट सुटलेला माणूस पँट पोटाखाली बांधतो, म्हणून पँटचा नंबर कंबरेचं माप म्हणून धरणं चूक. तो बहुतेक वेळा कमी भरतो.

मग आशियाई लोकांसाठी एकच नवी रेषा का नाही? जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2004 मध्येच हा प्रश्न तपासला. धोका वाढू लागण्याचा बिंदू आशियातल्या वेगवेगळ्या समाजांत 22 ते 25 असा विखुरलेला निघाला. म्हणून त्यांनी जुन्या रेषा तशाच ठेवल्या आणि 23 व 27.5 हे सावध होण्याचे टप्पे जोडले. भारतातल्या तज्ज्ञांनी पुढे 23 पासून जादा वजन आणि 25 पासून लठ्ठपणा, असं ठरवलं. इंग्लंडमधल्या सुमारे 15 लाख लोकांच्या नोंदींवरचा 2021 चा अभ्यास हेच दाखवतो: गोऱ्या लोकांत बीएमआय 30 ला मधुमेहाचा जेवढा धोका, तेवढाच दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत 23.9 ला आणि चिनी वंशाच्या लोकांत 26.9 ला. 'आशियाई' या एका शब्दात किती अंतर दडलंय ते पाहा.

गुणोत्तराचीही एक अडचण आहे. आपल्या दुसऱ्या माणसाने वजन उतरवलं, कंबर 94 ची 89 झाली आणि नितंब 96 चे 91, तर गुणोत्तर पुन्हा 0.98 च येतं. पोट 5 सेंटिमीटरने कमी झालं, पण आकडा हलला नाही. म्हणून सुधारणा पाहायची असेल तेव्हा नुसती कंबर मोजलेली बरी. दक्षिण आशियाई पुरुषांसाठी तिची मर्यादा 90 सेंटिमीटर धरतात, स्त्रियांसाठी 80.