‘ठाणं आलंय’: दोन स्वरांच्या मधल्या फटीचा इतिहास

डोंबिवलीहून निघालेली लोकल खाडीचा पूल ओलांडते आणि दाराशी उभी असलेली माणसं म्हणतात, “ठाणं आलंय, उतरायचंय का?” कागदावर हे ‘ठाणे आले आहे, उतरायचे आहे का?’ असं असतं. बोलताना शब्दांच्या सांध्यावरचे काही स्वर गळतात आणि ‘य’ ऐकू येतो. याला कुणी आळशी उच्चार म्हणतं, कुणी शहरी मराठीचा ऱ्हास. मला ते दोन्ही पटत नाही. ही सवय मराठीहून जुनी आहे.

एका शब्दाच्या शेवटी स्वर आणि पुढच्याच्या सुरुवातीलाही स्वर आला, की मध्ये फट पडते. वेदांच्या उच्चाराचे नियम सांगणाऱ्या प्रातिशाख्य ग्रंथांनी तिला ‘विवृत्ती’ हे नाव दिलं. ती बुजवण्याची आणि तशीच उघडी ठेवण्याची, अशा दोन्ही वाटा पाणिनीने नोंदवल्या आहेत. ‘हरे इह’ हे जोडून म्हटलं की ‘हरयिह’ होतं, म्हणजे मध्ये य येतो. पाणिनीच्या आधीचा व्याकरणकार शाकल्य याच्या मते तो य गळतो आणि ‘हर इह’ उरतं. एकाच जोडीचे दोन उच्चार तेव्हाही शेजारी शेजारी नांदत होते.

प्राकृतात गोष्ट उलटली. स्वरांच्या मधले क, ग, त, द असे वर्ण गळायला लागले आणि शब्दांच्या पोटातच फटी पडल्या. नगरचं ‘नअर’ झालं. मग अ-आच्या शेजारी हलका य ऐकू येऊ लागला: ‘नयर’. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात त्याला ‘यश्रुती’ म्हटलं आणि तो नेहमीच्या यपेक्षा कमी जोर लावून उच्चारला जातो हेही सांगितलं. पुढे मराठीत ही फट पूर्ण मिटली. जामनेर, संगमनेर यांतला ‘नेर’ तोच.

खुद्द ठाण्याचं नावही याच वाटेने आलं. शिलाहारांच्या ताम्रपटांत ते ‘श्रीस्थानक’ आहे. शेवटचा क गळून ‘ठाणअं’, मग यश्रुतीने ‘ठाणयं’ आणि शेवटी स्वर एक होऊन ‘ठाणें’. कर्नाटकातल्या श्रवणबेळगोळच्या जुन्या मराठी शिलालेखातल्या ‘करवियलें’मध्ये इ आणि अ यांच्या मधला य अजून दिसतो. आपण आज ‘करविलं’ म्हणतो, म्हणजे तोही सांधा बुजला.

शब्दाच्या पोटात शतकांपूर्वी जे झालं, ते आज शब्दांच्या सीमेवर ‘आहे’च्या बाबतीत होतं. ‘आला आहे’ घ्या. दोन आ मिळून एक होतात: ‘आलाहे’. घाईत स्वरांमधला ह टिकत नाही: ‘आलाए’. मागे राहिलेला ए आखडतो आणि ‘आलाय’ होतं. ‘आली आहे’त मात्र ई आणि आ एकमेकांत मिसळू शकत नाहीत. जीभ ईच्या जागेवरून खाली येताना वाटेत य लागतो आणि त्यापुढचा आ गळतो: ‘आलीये’. माझ्या मते हे दोन य दिसायला सारखे असले तरी एकाच घरचे नाहीत. ‘आलाय’मधला य हा ‘आहे’च्या एचा अवशेष आहे, तर ‘आलीये’मधला खरा जोडणारा य आहे आणि ए त्याच्यापुढे शाबूत आहे. आपण कधी ‘आलीय’ लिहितो, कधी ‘आलीये’. त्या गोंधळाचं मूळ मला इथेच दिसतं.

‘आले आहेत’चं ‘आलेत’ होतं आणि य लागतच नाही, कारण आ आणि ह गेल्यावर ए-ए समोरासमोर येतात आणि एक होऊन जातात. ‘भाऊ आला’ पटकन म्हणा: ऊनंतर ओठ गोल असतात, म्हणून तिथे य न येता पुसटसा व येतो.

घाईलाही हद्द आहे. कुणी “गाडी आली नाही” म्हणालं आणि आपल्याला ते खोडून काढायचं असेल, तर “आली *आहे*” असंच म्हणावं लागतं. जोर ‘आहे’वर पडला की त्यातलं काहीच गळत नाही. दुसरी अडचण अर्थाची. ‘दादा आला’ भरभर म्हटलं की ‘दादाला’च्या अगदी जवळ जातं. ऐकणारा ते ओळखतो मधल्या आच्या लांबीवरून: क्रियापद असेल तर दोन आंची लांबी थोडी तरी उरते, विभक्ती असेल तर एकाचीच. फलाटावरच्या गोंगाटात ती लांबी ऐकू आली नाही, की “दादाला काय?” असा उलटा प्रश्न येतो आणि मग बोलणारा दोन शब्द तोडून, मध्ये किंचित थांबून पुन्हा सांगतो: “दादा. आला.”